४:१० ची आजी: एका रफ कटच्या नोट्सचं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत माझं एडिटिंग चालतं. गिरणी चालू असली की साउंडचं काम बंद, एवढं सोडलं तर जागा चांगली आहे. गेल्या गुळाच्या हंगामात एका गुऱ्हाळावरच्या माहितीपटाचं काम माझ्याकडं होतं. चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या एका गावात झालेलं. दिग्दर्शक माझा कॉलेजपासूनचा दोस्त. पैसे घालणारे काका मार्केट यार्डातले गुळाचे अडत व्यापारी. आणि दिग्दर्शकाची थोरली बहीण, आमची ताई, मराठीची शिक्षिका. निवेदन आणि सबटायटल तिच्याकडं होते.

दुसरा रफ कट, म्हणजे कच्च्या जुळणीचा v2, एकतीस मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला होता. आम्हाला पंचविसाच्या आत यायचं होतं. मी तो एक्स्पोर्ट करून तिघांना पाठवला आणि सांगितलं, "बघा आणि काय वाटतं ते वेळ टाकून कळवा." वेळ टाकून, एवढंच म्हणालो. कुठली वेळ हे मी सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दापासून सुरू झालं.

दोन दिवसांत त्रेचाळीस सूचना आल्या. काकांचे अकरा व्हॉइस मेसेज, दिग्दर्शकाची रात्री दीड वाजता लिहिलेली लांबलचक यादी, ताईची वहीच्या पानाचे फोटो काढून पाठवलेली टिपणं. काकांच्या पाचव्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं: "चार-दहाला ती म्हातारी हाय बघ, तेवढी काढून टाक." मी टाईमलाईनवर चार मिनिटं दहा सेकंदांच्या आसपास गेलो. तिथं खरंच एक आजी होती. गुऱ्हाळाच्या दारात चिपाडं वाळत घालत होती, नऊ सेकंदांचा शॉट. मनाला पटत नव्हतं, पण काकांचा पैसा, काकांची सूचना. काढला.

तीन दिवसांनी दिग्दर्शक v3 बघायला बसला. चुलवाणात चिपाडं सारायचा प्रसंग आला तसा थांबला. "लेका, आजी कुठं गेली? ही चिपाडं आली कुठनं आता?" त्याचं बरोबर होतं. रस काढून उरलेलं चिपाड वाळवून त्याच रसाखाली जाळतात, हे त्या नऊ सेकंदांतच दिसत होतं. ते गेलं आणि पुढचा जाळ नुसता जाळ राहिला. काकांना फोन केला, तर काका माझ्यावरच तापले. "अरे, ती कशाला काढलीस? मी म्हटलं ती दुसरी, दात काढून कॅमेऱ्यात बघती ती!"

आजी तीच होती, शॉट दुसरा. आणि तो होता पंधरा मिनिटं पुढं.

तीन घड्याळं

हे झालं कसं ते शोधायला मी एक संध्याकाळ घालवली. ती घालवली नसती तर पुढच्या फेरीत परत तेच झालं असतं.

माझ्या टाईमलाईनवर पहिलं चित्र 01:00:00:00 ला सुरू होतं. हा टाईमकोड: तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम. तास एकपासून सुरुवात करायची ही टेलिव्हिजनच्या टेपच्या काळातली पद्धत, मी वापरतो त्या रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आजही नव्या टाईमलाईनला आपोआप तेच येतं. तास शून्य नसल्यामुळं चित्राच्या आधी पाटी, रंगपट्ट्या वगैरे ठेवायला जागा मिळते. मी दहा सेकंदांची पाटी लावली होती, म्हणजे फाईल 00:59:50:00 पासून सुरू होत होती. फोनवरच्या प्लेअरला यातलं काही ठाऊक नसतं. तो फाईलची पहिली फ्रेम 0:00 धरतो. त्यामुळं फोनवर 7:32 दिसतं तेव्हा माझ्या टाईमलाईनवर 01:07:22 असतं. दहा सेकंदांचा फरक तसा फार नाही. माणूस इकडं तिकडं बघून शॉट शोधतो. पण जिथं एकसारखे दोन शॉट जवळजवळ असतात तिथं दहा सेकंद पुरतात.

खरा घोळ वेगळाच होता. फाईल मोठी म्हणून काकांच्या पुतण्यानं तिचे दोन तुकडे करून काकांच्या फोनवर टाकले होते. पहिला तुकडा साडेपंधरा मिनिटांचा, दुसरा सोळा मिनिटं वीस सेकंदांचा. दुसरा तुकडा उघडला की प्लेअर परत 0:00 पासून मोजायला लागणार. काकांचं 4:10 दुसऱ्या तुकड्यातलं होतं. दुसरा तुकडा माझ्या टाईमलाईनवर 01:15:20 ला सुरू होतो, त्यात चार-दहा मिळवले की 01:19:30. तिथं आजी आहे, कॅमेऱ्यात बघून हसणारी. काका अजिबात चुकले नव्हते. त्यांच्या घड्याळात चार-दहाच वाजले होते.

तिसरं घड्याळ दिग्दर्शकाच्या यादीत सापडलं. त्याची एक सूचना होती 01:04:12:27 अशी. टाईमकोडमधला शेवटचा आकडा फ्रेमचा. आपलं काम सेकंदाला पंचवीस फ्रेमचं, म्हणजे तो आकडा 00 ते 24 एवढाच असू शकतो. सत्तावीस दिसलं की समजायचं, हा आकडा आपल्या टाईमलाईनवरून आलेला नाही. विचारल्यावर कळलं, त्यानं फाईल टॅबवरच्या एका एडिटिंग ॲपमध्ये टाकून बघितली होती आणि त्या ॲपमधला प्रोजेक्ट तीस फ्रेमचा होता. त्याच्या सूचनांचे तास, मिनिटं, सेकंद बरोबर होते, फक्त शेवटचा आकडा भलताच. नोट्सच्या गठ्ठ्यात 25 किंवा त्याच्या वरची एक जरी फ्रेम दिसली, तर त्या माणसाच्या सगळ्या नोट्समधले फ्रेमचे आकडे मी आता सोडून देतो आणि सेकंदांवर काम करतो.

यात माझी चूक अगदी साधी होती. मी टाईमकोड चित्रावर छापला नव्हता. रिझॉल्व्हमध्ये Workspace मेनूत Data Burn-In आहे, तिथं टिक केली की आकडा चित्राचाच भाग होऊन जातो. मग फाईलचे दोन तुकडे करा, दहा करा, टीव्हीवर लावा, आकडा हलत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळायची. तिथं Record Timecode निवडायचा, Source Timecode नाही. दुसरा निवडला तर प्रत्येक शॉटचा कॅमेऱ्यातला मूळ टाईमकोड दिसतो, तो दर कटला उड्या मारतो, आणि एकच आकडा दोन ठिकाणी येऊ शकतो. असा छापलेला कट मी एकदा पाठवलाय. त्यावर आलेल्या नोट्स मी मुकाट्यानं शॉट शोधत शोधत केल्या, कुणाला बोललोही नाही.

आकडा चित्राच्या वरच्या बाजूला आणि मोठा ठेवतो, कारण खाली सबटायटल असतात आणि काकांसारखी माणसं फोन हातभर लांब धरून बघतात. त्याच्या शेजारी Custom Text मध्ये कटचा नंबर छापतो: v3. हे छापायचं का, ते पुढच्या घोळावरून कळेल.

जुना कट, नवा कट

नोट्स येईपर्यंत हातावर हात ठेवून बसवत नाही. मी तेवढ्यात सुरुवातीचा ऊसतोडीचा भाग घट्ट केला आणि त्यात अठ्ठेचाळीस सेकंद गेले. मग नोट्स आल्या आणि मी त्या त्याच टाईमलाईनवर लावायला बसलो. त्या सगळ्या v2 च्या होत्या. v2 मधलं 01:12:20 माझ्याकडं आता 01:11:32 ला होतं. "इथं ट्रॅक्टरचा आवाज फार येतो" या नोटवर मी उडी मारली, तर समोर गुऱ्हाळातल्या देवाच्या फोटोला हार घालणारा माणूस, ट्रॅक्टरचा मागमूस नाही. तीन-चार नोट्स अशा गेल्यावर मला वाटलं माणसंच वेंधळी आहेत. वेंधळा मी होतो.

एक कट काढला की त्याच्या पुढचं सगळं मागं सरकतं. तिसऱ्या मिनिटाला बारा सेकंद कापले की नवव्या मिनिटातली 01:09:05 ची नोट 01:08:53 ला गेली. पाच ठिकाणी कापलं की पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. यावर दोन उपाय मी करतो, दोन्ही जुने.

पहिला: पाठवलेला कट गोठवायचा. ज्या टाईमलाईनवरून v2 निघाला तिला हात लावायचा नाही, काम तिच्या नकलेवर करायचं. नोट्स आल्या की त्या आधी गोठवलेल्या v2 वर मार्कर म्हणून लावायच्या, म्हणजे प्रत्येक नोट कुठल्या शॉटबद्दल आहे हे नक्की होतं. मग त्या v2 चीच नवी नक्कल काढायची आणि त्यावर कापाकापी करायची. मधल्या काळात केलेलं माझं ऊसतोडीचं काम मी त्यात परत उचलून आणलं. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी आधी एक दिवस वाया घालवला होता.

दुसरा: छोट्या नोट्स शेवटाकडून सुरुवातीकडं करत यायच्या. शेवटच्या मिनिटात कापलं तर सरकतं ते फक्त त्याच्या पुढचं, मागचे आकडे जागच्या जागी राहतात. याला एक अपवाद आहे. "मळी काढायचा प्रसंग भेंडीचा रस घालायच्या आधी घे" अशी जागा बदलणारी नोट असेल, तर ती सगळ्यात आधी दिग्दर्शकाशी बोलून ठरवायची. कारण ती केल्यावर त्या दोन प्रसंगांतल्या अर्ध्या बारीक नोट्सना अर्थच उरत नाही. आमच्या त्रेचाळिसांतल्या सहा नोट्स अशाच गळाल्या.

मार्कर हातानं लावायचा कंटाळा असेल तर एक वाट आहे. रिझॉल्व्हला मार्करची यादी EDL या साध्या मजकुराच्या फाईलमधून देता येते. मीडिया पूलमध्ये टाईमलाईनवर राईट क्लिक करून Timelines, Import, Timeline Markers from EDL. फाईल अशी दिसते:

```
TITLE: v2_notes
FCM: NON-DROP FRAME

001  001      V     C        01:09:05:00 01:09:05:01 01:09:05:00 01:09:05:01
 |C:ResolveColorRed |M:17 |D:650
002  001      V     C        01:19:30:00 01:19:30:01 01:19:30:00 01:19:30:01
 |C:ResolveColorBlue |M:31 |D:1
```

D म्हणजे मार्करची लांबी, फ्रेममध्ये. सव्वीस सेकंदांचा टप्पा असेल तर सव्वीस गुणिले पंचवीस, साडेसहाशे. M मध्ये मी फक्त नोटचा क्रमांक टाकतो. नोटचा मजकूर तक्त्यातच राहतो, मार्कर नुसता खुणेचा दगड. वीसच्या आत नोट्स असतील तर या भानगडीत पडू नये, हातानं कीबोर्डवरचं M दाबत जाणं लवकर होतं.

सतरा नंबरची नोट

आकडे जुळले तरी काम झालं असं नाही. आमच्या यादीतली सतरा नंबरची नोट घ्या. 01:09:05 ते 01:09:31, काहील, म्हणजे मोठी कढई, उतरवून पाक वाफ्यात ओततात तो शॉट. सव्वीस सेकंद, एकही कट नाही. पाक शिजत आलाय, गूळ शिजवणारा गुळव्या काहिलीशेजारी उभा, हात वर केलेला. चौघंजण कडेनं वाकून तयार. कुणी बोलत नाही, फक्त पाकाचा रटरट आवाज. चौदा सेकंद असेच जातात. मग तो हात खाली घेतो, चौघं एका दमात काहील उचलतात आणि तांबूस सोनेरी पाक वाफ्यात पसरतो.

या सव्वीस सेकंदांवर तीन नोट्स होत्या.

काका: "नुसती उभी हाईत सगळी. बारीक कर."

दिग्दर्शक: "हा शॉट माहितीपटाचा जीव आहे. एक फ्रेमसुद्धा कापायची नाही."

ताई: "इथं मला कळेना ते कशाची वाट बघतायत."

पहिल्या दोन नोट्स एडिटरला काय करायचं ते सांगतात, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. अशा वेळी एडिटर साधारण मधलं काहीतरी करतो, पाच-सहा सेकंद कापतो, आणि दोघंही नाराज होतात. कामाची नोट ताईची होती. तिनं उपाय सांगितलाच नाही. तिनं सांगितलं बघताना तिला काय झालं.

मी काकांना दुकानात जाऊन भेटलो. ढेपांच्या थप्प्यांमध्ये बसून चहा घेता घेता विचारलं, "काका, तो शॉट तुम्हाला लांब का वाटतो?"

"मला ठाऊक हाय की त्यो काय बघतोय ते. चाचणी झाली, आता उतरवायचंच बाकी. मग कशाला थांबायचं?"

म्हणजे बघा, दोघांना एकाच जागी खटकलं, पण काकांना सगळं ठाऊक होतं म्हणून, आणि ताईला काहीच ठाऊक नव्हतं म्हणून. आणि दोन्हीचं मूळ त्या सव्वीस सेकंदांत नव्हतंच. ते चाळीस-पंचेचाळीस सेकंद आधी होतं. पहिल्या कटमध्ये गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या कडेवर आपटतो, असा अकरा सेकंदांचा शॉट होता. गोळी टणक झाली, टण् वाजली, की पाक तयार. अगोदर उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो, रंग जातो, भाव पडतो. लांबी कमी करायच्या नादात v2 मध्ये मी तोच शॉट काढला होता. त्यामुळं वर केलेल्या हाताला मागचा आधारच राहिला नाही.

मी त्यातले सहा सेकंद परत घातले: पाण्यातून बोटं वर येतात तिथपासून गोळी वाजते तिथपर्यंत. आणि वाट बघण्याच्या चौदा सेकंदांतले चार कमी केले. एकंदरीत दोन सेकंद वाढले. पुढच्या वेळी काकांनी बघितलं तेव्हा म्हणाले, "आता बरं झालं. गोळीचा आवाज आला न्हवं." शॉट लांब आहे असं त्यानंतर कुणी म्हणालं नाही. दिग्दर्शकाला मी चार सेकंद कापल्याचं अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.

नोटमधला टाईमकोड कुठं खटकलं ते दाखवतो. का खटकलं ते बहुतेक वेळा त्याच्या आधी कुठंतरी दडलेलं असतं. म्हणून आम्ही नोटमध्ये एक रकाना असा ठेवला की लिहिणाऱ्याला शंका असेल तर त्यानं दुसरा टाईमकोड टाकावा: इथं खटकलं, पण बहुतेक इथपासून. नसेल ठाऊक तर मोकळा सोडावा. ताईची नोट नव्या पद्धतीनं लिहिली तेव्हा अशी झाली:

v2 । 17 । 01:09:05–01:09:31 । गुळव्या हात वर करून उभा, मग काहील ओततात । कशाची वाट बघतायत कळत नाही, म्हणून लांब वाटतं । मूळ 01:08:20 च्या आसपास? । हवंच

यातला चौथा रकाना, चित्रात काय आहे ते चार शब्दांत, हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ही ताईची देणगी. ती वहीत वेळ लिहायचीच, पण शेजारी त्या जागी कुणी बोलत असेल तर त्याचे पहिले दोन शब्दही लिहायची: "'पाऊस झाला तर' – इथं सबटायटल उशिरा येतं." टाईमकोड चुकला, कट बदलला, तुकडे झाले, तरी हे दोन शब्द धरून शॉट सापडतो. काकांनी "म्हातारी" ऐवजी "कॅमेऱ्यात बघून हसणारी" एवढं म्हटलं असतं, तर 4:10 कुठल्या का तुकड्यातलं असेना, चिपाडवाली आजी वाचली असती. बोलण्यावरची नोट असेल तर पहिले शब्द अवतरणात, बिनबोलाच्या शॉटवर असेल तर कोण काय करतंय ते, एवढंच ठेवलं.

शेवटचा रकाना तीनच शब्दांचा: हवंच, बघ, नंतर. "हवंच" म्हणजे न करता कट परत पाठवायचा नाही. "बघ" म्हणजे एडिटरला पटलं तर. "नंतर" म्हणजे ही नोट साउंडची किंवा कलरची आहे, आत्ता हात लावू नकोस. v2 च्या त्रेचाळिसांत अकरा नोट्स या "नंतर"च्याच होत्या: आकाश फार पांढरं आहे, वाऱ्याचा आवाज येतो, संगीत दुसरं घ्या. रफ कटला हे सगळं कच्चंच असतं. ट्रॅक्टरची नोटही त्यातलीच, साउंडवाल्याच्या यादीत गेली. पण त्या टाकून द्यायच्या नाहीत, नाहीतर साउंडवाल्याकडं जाताना कुणाला आठवत नाही.

फेरी दुसरी

v3 ला मी फाईलबरोबर लहानसा मेसेज पाठवला. पहिल्यांदा अख्खा बघायचा, थांबवायचा नाही, काही लिहायचं नाही. बघून झाल्यावर तीन वाक्यांत सांगायचं: कुठं अडलं, कुठं हरवलं, काय आवडलं. त्याला वेळ नको. मग दुसऱ्यांदा बघताना वर छापलेला आकडा बघून नोट्स लिहायच्या, फ्रेमचा आकडा सोडून द्यायचा. फ्रेम लागते ती फक्त ओठ आणि आवाज जुळत नसेल किंवा दोन शॉटच्या मध्ये एखादी काळी फ्रेम राहिली असेल तेव्हा, आणि ते बघायला मी आहे.

आधी न थांबता बघायचा आग्रह मी एका कारणानं धरला. थांबवत थांबवत बघितलं की प्रत्येक शॉटवर काहीतरी सुचतं, आणि पहिल्या दहा मिनिटांवर पंचवीस नोट्स येतात, शेवटच्या दहावर चार. शेवट चांगला झालाय असं नसतं, बघणारा दमलेला असतो. v2 ला दिग्दर्शकाच्या यादीत असंच दिसत होतं. मधला भाग ढिला आहे, हे त्याच्या चोवीस नोट्सपैकी एकाही नोटमध्ये नव्हतं. v3 च्या तीन वाक्यांत मात्र त्यानं आणि ताईनं दोघांनीही तेच लिहिलं: चुलवाण पेटल्यापासून मळी काढेपर्यंत तेच तेच दिसतं. असल्या गोष्टीला एक टाईमकोड देता येत नाही, आणि जबरदस्तीनं द्यायला लावला तर माणूस तिथला एखादा निरपराध शॉट पकडून त्यालाच फासावर चढवतो.

तिघांच्या नोट्स माझ्याकडं थेट न येता आधी दिग्दर्शकाकडं गेल्या. त्यानं त्या एका तक्त्यात घातल्या, एकसारख्या असतील त्या एकत्र केल्या, भांडण असेल तिथं निकाल लावला. हे काम त्याला अजिबात आवडलं नाही. "भावा, मी दिग्दर्शक हाय का कारकून?" असं दोनदा विचारून झालं. पण काका आणि ताई यांच्यात निवाडा करायचा अधिकार त्याचा, माझा नाही. आणि मी तो केला तर काकांसमोर मी पडणार.

v3 वर एकोणीस नोट्स आल्या. मी दुपारी जेवून बसलो, गिरणी बंद व्हायच्या आत संपल्या. v2 च्या वेळी नुसतं कुठली नोट कुठल्या शॉटची हे लावायलाच दीड दिवस गेला होता. एकच नोट परत विचारावी लागली, दिग्दर्शकाचीच: "01:14:02, इथं काहीतरी." काहीतरी म्हणजे काय, तर त्यालाही आठवेना. आम्ही दोघांनी तो भाग चार वेळा बघितला, काही दिसलं नाही, आणि ती नोट "बघ" मध्ये गेली ती अजून तिथंच आहे.

काकांनी मात्र v4 ला पहिल्यांदाच स्वतः टाईप करून नोट पाठवली. एकच:

v4 । 1 । 01:22:10 । थप्पीतली खालून तिसरी ढेप । वरचा शिक्का माझ्या दुकानाचा न्हाई, शेजारच्याचा हाय । हवंच

मी उघडून बघितलं. काकांचं बरोबर होतं. शॉट दोन सेकंद आधी कापला, चार मिनिटं लागली.